चाकणला कामाला लागलेल्या पुतण्याला पत्र कसं लिहावं?

प्रश्न: आम्ही औसा तालुक्यातले. थोरल्या भावाचा मुलगा डिप्लोमा करून 1 डिसेंबरला चाकणला लागला. गाड्यांचे पत्र्याचे भाग करणारी कंपनी आहे, तिथं प्रेस शॉपमध्ये ट्रेनी. घरात नोकरीला गेलेला तो पहिलाच. भाऊ म्हणाला, "घरच्यातर्फे तूच एक चांगलं पत्र लिही." लिहायला बसलो तर भाषण होतंय. 'तू आपल्या घराण्याचा दीपक आहेस, सगळ्यांच्या आशा तुझ्यावर आहेत, आईवडिलांच्या कष्टाची जाण ठेव, वाईट संगतीपासून दूर राहा, पैसे जपून वापर', याच्या पुढे गाडी जात नाही. मायना काय घालू, उपदेश किती करू, पत्र कसं असावं?

उत्तर: तुमची पाच वाक्यं एकाखाली एक लिहून पाहिली. पाचही वाक्यं पोराकडून काहीतरी मागतात. शुभेच्छा त्यात एकही नाही. ती खोटी आहेत असं मी म्हणत नाही, पण तिसरी पाळी करून सकाळी खोलीवर आलेला बावीस वर्षांचा मुलगा ती कशी वाचेल, एवढाच विचार करा. शेतकरी घरातला पहिला नोकरदार तसाही मनात हिशेब घेऊनच गावातून निघतो: डिप्लोमाची फी, बहिणीचं लग्न, पीककर्ज. ते त्याला पत्रातून पुन्हा सांगायची गरज नसते. 'आशा तुझ्यावर आहेत' हे वाचून त्याचं एकच होतं. पुढच्या फोनवर तो खरं सांगणं बंद करतो आणि 'सगळं मस्त चाललंय' म्हणू लागतो.

हायस्कुलात मराठी शिकवत होतो तेव्हापासून लोक माझ्याकडं अशी पत्रं लिहून घ्यायला किंवा दाखवायला येतात. पूर्वी पोरं लातूरला, संभाजीनगरला जायची, आता बहुतेक पुण्याकडं जातात. मी एकच करून पाहायला सांगतो. मागणीचं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्या जागी मुलाला कशाची मोकळीक देता येईल ते लिहा. 'पैसे जपून वापर' याच्या जागी 'पहिले काही महिने घरी पैसे पाठवू नकोस' असं लिहिता येतं का ते बघा. येत असेल तर तुमचं पत्र लागलंच मार्गी.

पण तसं लिहायचा अधिकार कुणाचा, हे आधी ठरवावं लागतं. मामाने पत्र लिहिलं तर ते मामाचं असतं. तो थट्टा करील, लाड करील, गुपचूप शंभराची नोट घालील. चुलत्याचं तसं नाही. शेत एक, सातबाऱ्यावर नावं शेजारी-शेजारी, त्यामुळं चुलत्याने लिहिलेलं पोरगं 'घराचं म्हणणं' म्हणूनच वाचतं. ही तुमची अडचण आहे आणि ताकदही तीच आहे. तुम्ही 'पैसे पाठवू नको' लिहिलंत आणि वहिनींनी फोनवर 'यंदा बँकेचं थकलंय बघ' म्हटलं, तर पत्र तिथंच फुकट गेलं. म्हणून लिहिण्याआधी भाऊ आणि वहिनी यांच्यासोबत बसा. काय कबूल करायचं ते तिघांनी ठरवा आणि ठरलं तेवढंच लिहा. सहा महिने जमणार नसतील तर तीन लिहा, पण मग तीन महिने पाळा.

पैशाचा मुद्दा मी आधी घेतो त्याला कारण आहे. 1 डिसेंबरला लागलेल्या मुलाचा पहिला पगार डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडतो. म्हणजे जवळपास पाच आठवडे त्याला खोलीचं डिपॉझिट, भाडं, मेस आणि येणं-जाणं घरच्या पैशावर भागवायचं असतं. महिन्याच्या शेवटी-शेवटी लागलेल्यांचा पगार तर पुष्कळ ठिकाणी पुढच्या महिन्याबरोबर निघतो. या पाच आठवड्यांत पैसे मागायची लाज वाटते म्हणून पोरं मेसचं एक वेळचं जेवण बंद करतात. 'लागले तर माग' असं पत्रात लिहून काही होत नाही, कारण तो मागणार नाही. आधी खात्यात टाका आणि टाकले म्हणून लिहा.

आता उपदेश. माझ्या मते एकच करावा, आणि तो त्याच्या कामातून आलेला असावा. वाईट संगतीबद्दल तुम्ही लिहाल, पण चाकणमधली संगत तुम्ही पाहिलेली नाही आणि ते त्यालाही माहीत आहे. प्रेस शॉपबद्दल मात्र घरातल्या प्रत्येकाने थोडं समजून घ्यायला हवं.

पॉवर प्रेसमध्ये खाली डाय असते, वरून जड रॅम येऊन पत्र्याला आकार देतो. पत्रा ठेवताना आणि तयार भाग काढताना हात त्या दोघांच्या मधे जातो. म्हणून नीट मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे ठोका पडताना हात बाहेरच असतात. काही मशीनना समोर सेन्सर असतो, मधे हात आला की रॅम थांबतो. दोन्ही सोयी चांगल्या आहेत, पण त्यांनी काम थोडं हळू होतं. मग उत्पादनाची घाई असली की कुणीतरी एक बटण चिकटपट्टी लावून किंवा पाचर मारून कायमचं दाबून ठेवतं, सेन्सर बंद करतं, आणि एक हात डायजवळ ठेवून दुसऱ्याने बटण दाबत काम चालतं. दुसरा धोका मशीनच्या बिघाडाचा. क्लच किंवा ब्रेक झिजलेला असला की एकदा बटण दाबल्यावर दोन ठोके पडतात. पहिल्या ठोक्यानंतर भाग काढायला गेलेला हात दुसऱ्यात सापडतो. बोटं जातात ती अशी.

नवा ट्रेनी यात जास्त सापडतो, कारण मशीनवरचा माणूस आला नाही की 'तू उभा राहा जरा' म्हणून त्यालाच सांगतात, आणि चौथ्या दिवशी 'नाही' म्हणायची छाती कुणाला असते? नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू, हीच भीती असते. ती भीती घालवणं घराच्याच हातात आहे. सुपरवायझर काय बोलेल ते तुमच्या हाती नाही, पण 'त्यापायी नोकरी गेली तर खुशाल घरी ये' हे वाक्य तुम्हीच लिहू शकता. या पत्रात दुसरं काही जमलं नाही आणि एवढं जमलं, तरी मला पत्र पुरेसं वाटेल.

मायन्याचं थोडक्यात सांगतो, लोक त्यात उगीच अडकतात. वडीलधारी माणसं लहानांना 'चि.' घालून नाव लिहितात आणि पुढं 'अनेक आशीर्वाद'. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे मोठ्यांना आणि 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष हे बरोबरीच्यांना. सवयीने पुतण्यालाही साष्टांग नमस्कार घातलेले मी पाहिले आहेत. शेवटी 'लोभ असावा ही विनंती' हेही लहानाला लिहीत नाहीत, नुसतं 'कळावे' लिहून खाली नातं लिहायचं. नाव मात्र शाळेच्या दाखल्यावरचं नको, घरात ज्या नावाने हाक मारता तेच लिहा. आणि भाषा तुम्ही ओसरीवर बसून बोलता ती. 'उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा' हे सत्काराच्या फलकावर ठीक आहे.

खाली नमुना देतो. तुम्ही आठवणी कळवलेल्या नाहीत, म्हणून काही माझ्या मनाने घातल्या आहेत. त्या जागी तुमच्या घालायच्या. येळवस नुकतीच झाली आहे असं धरलं आहे.

॥ श्री ॥

(गाव), ता. औसा
(तारीख)

चि. बाळू यास,
नानाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलणं होतं, पण माय 'जेवलास का' विचारते, दादा 'बरं, ठेवतो' म्हणतो आणि तेवढ्यात संपतं. म्हणून लिहायला बसलो. लिहिलेलं दोघांनाही वाचून दाखवलंय, त्यामुळं हे तिघांचं समज.

परवा येळवस झाली. कोप यंदा विहिरीजवळ घातली. पांडव तेच, चुना नवा. आंबील शिंपायला दरवर्षी तू पुढं पळायचास, यंदा ते काम माझ्याकडं आलं आणि बांधाची एक फेरी होईपर्यंत मला धाप लागली. पोरं हसली. भज्जी नेहमीसारखी जास्त झाली, दुसऱ्या दिवशीही तीच खाल्ली. तूर वाळायला लागली, हरभरा फुलावर आहे, ज्वारी बरी आहे.

तुझा पहिला पगार जानेवारीत होईल. तोवर लागतील तेवढे पैसे तुझ्या खात्यात टाकलेत. ते परत करायचे नाहीत. आणि पहिले सहा महिने घरी काही पाठवायचं नाही, असं आम्ही तिघांनी बसून ठरवलंय. सोयाबीनचे पैसे आलेत, बँकेचं आम्ही बघतो. तू पायात चांगले बूट घे आणि दोन वेळचं मेसला जेव.

पाळ्या कशा लागल्यात ते एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव. मी तो मायजवळ भिंतीला लावतो. तिसरी पाळी असली की सकाळी तिचा फोन आला तरी उचलू नको, झोप. उठल्यावर कर. तिला मी समजावलंय.

एकच सांगायचं आहे. प्रेसवर उभं केलं आणि दोनपैकी एक बटण बांधून ठेवलेलं दिसलं, सेन्सर बंद दिसला किंवा एकदा दाबल्यावर दोन ठोके पडले, तर आत हात घालू नको. मशीन बंद कर आणि सुपरवायझरला सांग. नाही ऐकलं तर बाजूला हो. त्यापायी नोकरी गेली तर रात्रीची गाडी धरून घरी ये. का आलास म्हणून कुणी विचारणार नाही. हे दादाचंही म्हणणं आहे.

दहावीच्या सुट्टीत तू बोअरचा स्टार्टर उघडून, कॉन्टॅक्ट घासून परत बसवलास आणि मोटार चालू झाली, ते आठवतं का? दादा तुझ्यासमोर काही बोलला नाही. संध्याकाळी पारावर मात्र चौघांना सांगत होता. तुझ्या हाताला गुण आहे. त्या हाताला यश येवो आणि दहाही बोटं शाबूत राहोत, हा आशीर्वाद.

सुट्टी मिळाली की ये. नाही मिळाली तर उन्हाळ्यात मीच येतो, कंपनी बाहेरून दाखव.

कळावे.
तुझा,
नाना

ता. क. येसर संपत आलं की सांग. गावातलं कुणी पुण्याला निघालं की पाठवतो.

पत्र सुटं करून पाहा म्हणजे हे असं का लिहिलं ते लक्षात येईल. सुरुवातीलाच 'दोघांनाही वाचून दाखवलंय' हे वाक्य येतं, कारण पुढं पैशाचं आणि नोकरी सोडण्याचं जे म्हटलंय त्याला घराची सही लागते. तुम्ही खरोखरच वाचून दाखवा. वाचताना भाऊ एखाद्या वाक्यावर 'हे नको' म्हणेल, तिथं त्याचं ऐका.

येळवशीच्या परिच्छेदात 'तुझी फार आठवण आली', 'तुझ्यावाचून घास उतरला नाही' असलं काही मी घातलेलं नाही. ते खरं असलं तरी लिहू नका. वेळ अमावास्येला आपल्या लातूर-धाराशिवकडं गावं ओस पडून रानं भरतात, पण चाकणच्या कंपनीला तो साधा कामाचा दिवस असतो. त्याने त्या दिवशी ड्युटी केलेली आहे. घरचे जेवलेच नाहीत असं कळलं तर सण चुकल्याचा दोष त्याला स्वतःकडं घ्यावा लागेल. घरी सण झाला, लोक हसले, भज्जी उरली, एवढं कळलं की त्याला बरं वाटतं. आठवण काढल्याचं त्याला कळतंच, त्याचं काम कुणी केलं हे लिहिलंय ना.

पिकाची बातमी दोन ओळींत द्या आणि खरी द्या. भाव पडला असेल, पावसाने नुकसान झालं असेल तर 'सगळं उत्तम' असं लिहू नका, त्याला ते गावातल्या मित्राकडून कळतंच. 'यंदा उतार कमी पडला, पण भागतंय' असं लिहा. फक्त त्याच परिच्छेदात पैशाचा विषय नको. दोन्ही शेजारी आले की तो मधली ओळ आपल्या मनाने वाचतो.

स्टार्टरची आठवण ही त्या पत्रातली खरी शुभेच्छा. 'तू हुशार आहेस, नाव काढशील' हे कुणीही कुणालाही लिहील. त्याने केलेलं एखादं काम, त्याचा कामाशी काही संबंध असेल तर उत्तमच, आणि ते पाहून वडील त्याच्यामागं काय बोलले, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडं बाप पोराला तोंडावर शाबासकी देत नाही. ती पोचवायचं काम चुलत्याचंच. अशी एकच गोष्ट निवडा. तीन निवडल्यात तर निरोप समारंभ होतो.

पत्रात मी त्याला काहीच विचारलेलं नाही हेही पाहा. पगार हातात किती पडतो, पर्मनंट कधी करणार, खोलीत कोण कोण आहे, हे प्रश्न फोनवर आणि तेही त्याने विषय काढला तर. ट्रेनीला पर्मनंट कधी होणार हे कंपनीनेच सांगितलेलं नसतं.

एक गोष्ट मुद्दाम पत्राबाहेर ठेवली आहे, ती फोनवर बोला. नेमणुकीच्या पत्रावर त्याला काय म्हणून घेतलंय ते वाचायला सांगा. तो कंपनीचा कामगार असेल आणि पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल, तर साधारणपणे ईएसआयसी म्हणजे सरकारी कामगार विमा योजना लागू होते. त्याचा नंबर मिळाला का ते त्याने पहिल्याच महिन्यात विचारावं. कामावर अपघात झाला तर ते संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, पण नोंदणीच झालेली नसली की ऐनवेळी धावपळ होते. अ‍ॅप्रेंटिसच्या कायद्याखाली घेतलं असेल तर ईएसआयसी लागू नसते, त्याच्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मालकावर असते. ट्रेनी हा शब्द दोन्हीकडं वापरतात, म्हणून कागद बघणं भाग आहे. हे सगळं पत्रात घातलंत तर आशीर्वादाचं परिपत्रक होईल.

हाताने लिहा, पाठपोट एका कागदात मावेल एवढंच. अक्षर वाईट असेल तरी चालेल, नुसतं ओळीत अंतर ठेवा. टाइप करून मोबाइलवर पाठवलेला मजकूर दुसऱ्या दिवशी शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडला जातो.

तो निघताना पत्र बॅगेत ठेवता आलं नाही याचं वाईट वाटत असेल तर वाटून घेऊ नका, मी तसंही पोस्टाने पाठवायला सांगितलं असतं. बसस्टँडवर दिलेलं पत्र गाडीतच वाचून संपतं, आणि पहिला आठवडा कागदपत्रं, मेडिकल, नवी माणसं यातच जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली साप्ताहिक सुट्टी सगळ्यात रिकामी असते, तेव्हा हातात पडेल असं टाका. पत्ता मात्र त्याच्याकडून नीट घ्या. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांचं नाव दारावर नसतं, म्हणून 'द्वारा' लिहून खोलीमालकाचं नाव घाला आणि खाली मुलाचा मोबाइल नंबर लिहा. पुढं 'पुणे' लिहून 411 ने सुरू होणारा पिन टाकायची सवय असते. चाकणचा पिन 410501 आहे, आणि खोली आसपासच्या गावात असेल तर मालकाच्या वीजबिलावरचा पिन बघून टाका. साध्या पाकिटाने पोचायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही, स्पीड पोस्ट केलं तर पावतीवरच्या नंबराने कुठं पोचलं ते बघता येतं. पाकिटात नोट घालू नका.